नाव तेच, फोटो तेच, पार्लर दुसरंच

लग्नसराई ऐन भरात असताना नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका पार्लरमध्ये एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. शनिवारी लग्न होतं आणि मेकअपची वेळ पक्की करायची होती. काउंटरवरच्या मुलीने रजिस्टर उघडलं, तर शनिवारी सकाळी सहाला दुसऱ्याच नवरीचं नाव. आई गडबडली. पाच हजार ॲडव्हान्स दिलाय म्हणाली आणि मोबाइल पुढे केला. चॅटवर पार्लरचं नाव तेच, डीपीवर लोगो तोच, खाली पाठवलेले ब्राइडल फोटो याच पार्लरच्या भिंतीवर लावलेले. पैसे मात्र भलत्याच नावावर गेले होते.

शोध घेतल्यावर कळलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी फाट्याजवळ, चार महिन्यांपूर्वी एक पार्लर उघडलं आहे. दोन्ही बाजूंनी खरी नावं न छापण्याच्या अटीवर माझ्याशी बोलायची तयारी दाखवली, म्हणून मूळ पार्लरला इथे ‘झुळूक’ म्हणू. पाथर्डी फाट्यावरच्या पाटीवरही ‘झुळूक’च होतं. इंग्रजी स्पेलिंग तेवढं निराळं : एकीकडे झेड, दुसरीकडे जेएच. पण पाटी मराठीत हवी हा नियम असल्याने देवनागरीत दोन्ही नावं अक्षरशः एकच झाली होती. ‘आयब्रोसोबत अंडरआर्म्स मोफत’ ही बुधवारची ऑफर तीच, आणि ‘आई-मुलगी पॅकेज’ही त्याच दरात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘नक्कल’ हा विषय दिला तेव्हा मी या प्रकरणाकडे वळले, कारण इथे नक्कल झालेली आणि नक्कल करणारी, दोघी एकाच शहरातल्या, एकाच धंद्यातल्या होत्या आणि पुढे समजलं तसं एकेकाळी एकाच छताखाली काम करत होत्या. झुळूकच्या मालकीणबाईंच्या लेखी सगळी मिळून एकच चोरी होती. त्यांच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत त्या चोरीचे तीन तुकडे केले : नाव, फोटो आणि ऑफर. प्रत्येकाचा कायदा वेगळा, दाद मागायची जागा वेगळी आणि मिळू शकणारं यशही वेगळं. हे तीन तुकडे वेगळे न करता भांडायला गेलं की जिथे हात पोचतो तिथलंही निसटतं.

आधी जमवा, मग बोला

मालकीणबाईंचा पहिला विचार होता थेट फोन लावून सुनवायचा. दुसरा, इन्स्टाग्रामवर ‘या चोरांपासून सावध’ अशी पोस्ट टाकायचा. वकिलांनी दोन्ही थांबवलं. फोन गेला की समोरचा तासाभरात सगळं पुसून टाकतो आणि मग सिद्ध काय करणार? ‘चोर’ म्हणून जाहीर लिहिलं, की बदनामीची तक्रार उलट आपल्यावर येऊ शकते.

म्हणून सुरुवात पुरावे गोळा करण्यापासून झाली. दुसऱ्या पार्लरच्या पानाचे स्क्रीनशॉट घेतले, पण नुसत्या फोटोचे नाहीत. वरचा पत्ता, खात्याचं नाव आणि पोस्टची तारीख दिसेल असे. स्टोरी चोवीस तासांत जाते, त्यामुळे तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं : फोनवरचं घड्याळ दिसतंय, शोधपट्टीत नाव टाइप होतंय, खातं उघडतंय, स्टोरी चालतेय, असं सलग. गुगल मॅपवरच्या नोंदीचंही तसंच. ज्या फोनने हे केलं तो फोन विकायचा किंवा रीसेट करायचा नाही, अशी ताकीद वकिलांनी दिली. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचा हॅश, म्हणजे तिची न बदलणारी अंकी खूण, त्यात लिहावी लागते. मूळ फाइल हाताशी नसेल तर हे सगळं अवघड होऊन बसतं.

पुढचा प्रश्न होता, नोटीस पाठवायची कुणाच्या नावाने? पाटीवर मालकाचं नाव नसतं. मालकीणबाईंची एक भाची पाथर्डी फाट्यावर गेली, साठ रुपयांत आयब्रो करून आली, बिल मागून घेतलं आणि पैसे यूपीआयने दिले. बिलावर ‘झुळूक’ आणि पत्ता होता, यूपीआयच्या पावतीवर पैसे घेणाऱ्या बाईचं पूर्ण नाव. ते वाचून काउंटरवर शांतता पसरली. पाच वर्षं इथेच ब्राइडल मेकअप करणारी, वर्षभरापूर्वी सोडून गेलेली मुलगी होती ती.

चुकून आलेल्या गिऱ्हाइकांची मात्र कुणी नोंद ठेवली नव्हती. त्या आईने सहीनिशी चार ओळी लिहून दिल्या : कुठे शोधलं, काय समजून पैसे दिले, कुठे आले. वकिलांच्या मते संबंध फाइलीतला हा सगळ्यात जड कागद होता, कारण लोकांची फसगत खरोखर झाली हे त्यातून दिसत होतं. तेव्हापासून रजिस्टरच्या मागच्या पानावर तारीख, नाव आणि ‘काय समजून आल्या’ असे रकाने आखले गेले. महिनाभरात त्या पानावर अकरा नोंदी झाल्या.

फोटो कुणाचा?

फोटोंचं काम सर्वांत सोपं असेल असं मालकीणबाईंना वाटत होतं. फोटो आपल्या खात्यावर आधी आले, म्हणजे ते आपले. वकिलांनी चोरलेल्या एकतीस फोटोंची यादी करायला सांगितली आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायला लावली : कॅमेरा कुणाच्या हातात होता आणि त्याचे पैसे कुणी दिले.

यादीतून तीन ढीग निघाले. एकोणीस फोटो पार्लरमधल्या पगारी मुलींनी कामाच्या वेळेत, कामाचा भाग म्हणून फोनवर काढलेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत असताना केलेल्या अशा कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हे फोटो झुळूकचे. चार फोटो एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने जाहिरातीसाठी दिलेले. ते झुळूकचे नाहीतच, त्यांच्यावर दावा सांगायचा नाही.

उरलेले आठ सर्वांत देखणे होते आणि तेच खरे अडचणीचे निघाले. ते लग्नाच्या फोटोग्राफरने काढले होते. फोटो काढणारा हा कायद्याने त्याचा कर्ता. पण मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे मालकी त्या त्या नवरीच्या घरच्यांची. पार्लरने ते प्रेमाने मागून घेतले होते आणि भिंतीवर लावले होते, इतकंच. त्या फोटोंबद्दल ‘मी मालक’ असं लिहून तक्रार करणं म्हणजे खोटी तक्रार करणं. आठपैकी पाच घरांनी तक्रारीसाठी लगेच संमतीची पत्रं दिली. दोघींनी स्वतःच्या खात्यावरून स्वतःच तक्रार केली, कारण आपला चेहरा परक्या पार्लरच्या जाहिरातीत बघून त्या संतापल्या होत्या. आठव्या घराशी संपर्क झाला नाही, तो फोटो सोडून दिला.

कॉपीराइटसाठी आधी नोंदणी लागत नाही. फोटो काढल्या क्षणी हक्क तयार होतो आणि फोटो काढणाऱ्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. लागतो तो आपलाच असल्याचा पुरावा. इथे मूळ फाइल कामाला येते, कारण तिच्यात काढल्याची तारीख, वेळ आणि फोनचं मॉडेल दडलेलं असतं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीतून ही माहिती गळून जाते. एकोणीसपैकी चौदांच्या मूळ फाइली एका जुन्या फोनच्या बॅकअपमध्ये सापडल्या. बाकीच्या पाचांसाठी त्याच बैठकीतले आजूबाजूचे न छापलेले फोटो दाखवता आले. नक्कल करणाऱ्याकडे प्रसिद्ध झालेला एकच फोटो असतो, मागचेपुढचे नसतात.

तक्रारीचे दोन मार्ग होते. एक, इन्स्टाग्राम आणि गुगलच्या स्वतःच्या कॉपीराइट फॉर्मचा. त्यात मूळ पोस्टची लिंक, नक्कल केलेल्या पोस्टची लिंक आणि मालकी कशी ते लिहायचं. प्रत्येक फोटोची लिंक वेगळी द्यावी लागते. ‘हे सगळं खातंच आमचं चोरलंय’ असं लिहून भागत नाही. दुसरा मार्ग आपल्या कायद्यातला. कलम ५२ आणि २०१३ च्या नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार दिली, आणि मजकूर साठवून ठेवणाऱ्या कंपनीला ती पटली, तर कंपनीने ३६ तासांत त्या मजकुरापर्यंतची वाट बंद करायची असते. पण त्यासोबत आपण कोर्टात दावा लावू आणि २१ दिवसांत आदेश आणून देऊ अशी हमी लिहून द्यावी लागते. तो आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो. कोर्टात जायची तयारी नसलेल्याने ही हमी देऊ नये. झुळूकने पहिला मार्ग धरला आणि फोटो टप्प्याटप्प्याने निघाले. समोरच्याने ‘फोटो माझेच’ असं उलट कळवलं असतं, तर तिथेही शेवटी कोर्टाचीच पायरी आली असती.

नावाला वय असतं

नावाच्या बाबतीत मालकीणबाई निर्धास्त होत्या. शॉप ॲक्टचा कागद आहे, उद्यमची नोंद आहे, जीएसटी आहे, सगळीकडे झुळूक हेच नाव आहे. यातल्या एकाही कागदाने नावावर मालकी मिळत नाही. शॉप ॲक्टने दुकान चालू असल्याचं कळतं. त्याच नावाचं दुसरं दुकान त्याच खात्यात नोंदलं जाऊ शकतं, आणि इथे तसंच झालं होतं.

नावावरचा हक्क दोन वाटांनी येतो. एक, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदणी. दुसरी, नोंदणी नसतानाही बाजारात मिळवलेली ओळख. नोंदणी नसेल तर ‘ट्रेडमार्कचा भंग’ म्हणून दावा लावता येत नाही, पण कलम २७ ने जुना हक्क शाबूत ठेवला आहे : आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची म्हणून खपवणाऱ्याला अडवण्याचा. कोर्टाच्या भाषेत याला पासिंग ऑफ म्हणतात. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. त्या नावाला आपल्यामुळे लौकिक आहे, समोरच्याच्या वागण्याने लोकांची दिशाभूल होते, आणि त्यातून आपलं नुकसान झालं आहे किंवा होऊ शकतं.

या संदर्भात वकिलांनी मालकीणबाईंना अहमदाबादच्या एका फोटो स्टुडिओची गोष्ट सांगितली. लक्ष्मीकांत पटेल ‘मुक्तजीवन कलर लॅब’ या नावाने १९८२ पासून व्यवसाय करत होते. त्याच शहरात दुसऱ्यांनी ‘मुक्तजीवन’ नाव लावून कलर लॅब काढली. खालच्या कोर्टात आणि उच्च न्यायालयात त्यांना तातडीची मनाई मिळाली नाही. डिसेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. सेवा देणाऱ्या छोट्या व्यवसायाचं नावही कायदा जपतो, आणि लौकिक खाल्ला जात असेल तर कोर्टाने वाट बघत बसू नये, हा त्या निकालाचा गाभा. ‘आमचं पार्लर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे’ ही सबब म्हणूनच पुरी पडत नाही, विशेषतः ब्राइडल गिऱ्हाईक नकाशावर आणि इन्स्टाग्रामवर शोधून येतं तेव्हा.

मग लौकिक दाखवायचा कसा? मालकीणबाईंनी माळ्यावरून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. २०१७ साली दुकान उघडल्याच्या महिन्यातलं लाइटबिल, पाटी बनवणाऱ्याची पावती, स्थानिक वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात, क्रीम आणि वॅक्स पुरवणाऱ्यांची झुळूकच्या नावाची बिलं, दरवर्षीचं दरपत्रक. गिऱ्हाइकांच्या बिलांचा एक गठ्ठा कोराच निघाला. बिलं थर्मल कागदावरची, शाई उडून गेलेली. ज्या तारखा सर्वांत मोलाच्या, त्याच पुसल्या होत्या. आता दर महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या बिलाची साध्या कागदावर झेरॉक्स निघते.

नोंदणीचा अर्जही त्याच आठवड्यात गेला. त्याआधी ipindia.gov.in वरच्या सार्वजनिक शोधात नाव तपासलं. नुसतं स्पेलिंग नाही, उच्चाराने जुळणारी नावंही, कारण नक्कल करणाऱ्याने आधीच अर्ज टाकला असण्याची शक्यता असते. तसा अर्ज जर्नलमध्ये छापून आला, तर हरकत घ्यायला चार महिने मिळतात आणि ती मुदत वाढत नाही. इथे कुणाचाच अर्ज नव्हता. पार्लरच्या सेवा वर्ग ४४ मध्ये येतात; स्वतःच्या नावाची क्रीम विकायची तर वर्ग ३, मेकअपचे क्लास घ्यायचे तर वर्ग ४१. झुळूकने ४४ आणि ४१ घेतले. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लहान उद्योगासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये लागतात, एरवी ९,०००. उद्यमचा कागद इथे उपयोगी पडला. अर्जात ‘२०१७ पासून वापरात’ असं लिहिलं की त्याचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, तेव्हा माळ्यावरचं खोकं दुसऱ्यांदा उघडलं. अर्ज गेल्यावर नावापुढे टीएम लिहिता येतं. गोलातला आर मात्र नोंदणी हातात येईपर्यंत लावायचा नाही, ते कायद्याविरुद्ध आहे.

नोंदणीला वेळ लागतो, पण मिळाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो आणि दहा वर्षांसाठी असतो, पुढे नूतनीकरण. इन्स्टाग्रामच्या ट्रेडमार्क तक्रारीच्या फॉर्ममध्येही नोंदणीचा क्रमांक विचारतात. झुळूककडे तो नव्हता, म्हणून फोटो उतरले तरी खात्याचं नाव तसंच राहिलं. नोंदणी लांबवण्याची किंमत नेमकी इथे मोजावी लागली.

बुधवारची ऑफर

ऑफरवरून मालकीणबाई सर्वांत जास्त चिडल्या होत्या, आणि तिथेच कायदा सर्वांत कमी देतो. आयब्रोसोबत अंडरआर्म्स मोफत, ही कल्पना आहे. कल्पनेवर कॉपीराइट नसतो; ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. उद्या कॉलेज रोडवरच्या प्रत्येक पार्लरने बुधवारी हीच सूट दिली तरी कुणाला अडवता येणार नाही. दर सारखे ठेवण्यालाही मनाई नाही.

अडवता येतं ते पोस्टर. झुळूकच्या मोरपंखी चौकटीचं, डाव्या कोपऱ्यात आरसा काढलेलं पोस्टर जसंच्या तसं उचललं होतं. ते चित्र म्हणून कॉपीराइटखाली येतं. त्यातही बघावं लागलं की ते कुणी बनवलं होतं. बाहेरच्या डिझायनरने बनवलेलं निघालं, त्याच्याशी लेखी काही नव्हतं. त्याने हक्क लिहून दिले. असं लिहून घेताना मुदत आणि प्रदेश नमूद करावा लागतो. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

उरलेली ऑफर टाकून द्यायची नाही, तिला दुसऱ्या कामाला लावायचं. एकटी ऑफर काहीच सांगत नाही. पण तेच नाव, तेच फोटो, तीच मोरपंखी चौकट आणि त्याच बुधवारी तीच सूट, हे सगळं एकाच पानावर शेजारी शेजारी मांडलं की योगायोग म्हणायला जागा उरत नाही. पासिंग ऑफच्या दाव्यात तो हेतूचा पुरावा ठरतो. वकिलांनी असा तक्ता नोटिशीला जोडला, आणि मागणीच्या यादीतून ‘ऑफर बंद करा’ हे वाक्य काढून टाकलं. न मिळणारी गोष्ट मागितली की मिळणाऱ्या मागण्यांचं वजनही उतरतं.

नोटिशीतली भाषा

नोटीस पाठवायची की आधी थेट कोर्टात जायचं, हा निर्णय सोपा नव्हता. नोटीस गेली की समोरचा कोर्टात कॅव्हेट दाखल करून ठेवू शकतो. मग ९० दिवस त्याला कळवल्याशिवाय एकतर्फी आदेश मिळत नाही. पुरावा पुसणारा किंवा पैसे घेऊन पळणारा माणूस असेल तर नोटिशीआधी दावा बरा. इथे समोरची व्यक्ती ओळखीची होती, दुकान भाड्याचं का होईना पक्कं होतं, पुरावे जमले होते. नोटीस ठरली.

तिच्या भाषेला कात्री लागली. ट्रेडमार्क कायद्याचं कलम १४२ बिनबुडाच्या धमक्यांना आळा घालतं : नोंदणी नसताना ‘आमचा ट्रेडमार्क तोडलात, तुरुंगात टाकू’ असं लिहिलं तर समोरचा उलट दावा लावू शकतो. म्हणून ‘ट्रेडमार्कचा भंग’ हे शब्द गेले, त्या जागी २०१७ पासूनचा वापर आणि फसगतीच्या अकरा नोंदी आल्या. मालकीणबाईंनी एक अट स्वतःहून घातली होती : दोन वर्षं हिने पार्लर उघडायचं नाही. तीही वकिलांनी खोडली. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडलेल्या माणसाला त्याच धंद्यातून असं अडवता येत नाही. ती शेजारच्या गाळ्यात पार्लर उघडू शकते. झुळूक म्हणून नाही, एवढंच.

मी पाथर्डी फाट्यावर गेले तेव्हा पाटीवर कापड होतं. तिने बोलायला नकार दिला नाही. तिचं म्हणणं साधं होतं. “ताई, त्या फोटोंतले मेकअप माझ्या हातचे आहेत. पहाटे चारला उठून मी केलेत. मग ते मी दाखवायचे नाहीत तर कुणी?” हा प्रश्न खोटा नाही आणि कायद्यात त्याचं तिला आवडेल असं उत्तरही नाही. मेकअप तिच्या हातचा, पण फोटोचा हक्क झुळूकचा किंवा नवरीच्या घरच्यांचा. नावाबद्दल विचारलं तेव्हा ती गप्प राहिली. मग म्हणाली, “नवीन नावाने कुणी येत नाही.” त्या एका वाक्यात लौकिक कशाला म्हणतात ते तिनेच सांगितलं होतं.

मिटवायचं तर कसं

दावा लावायची वेळ आली असती तर तो जिल्हा न्यायालयात गेला असता, त्याखालच्या कोर्टात हे दावे चालत नाहीत. तीन लाख आणि त्यावरचा वाद व्यापारी न्यायालयांच्या कायद्याखाली येतो, आणि तातडीची मनाई मागितली नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. तातडी दाखवायची तर उशीर करून चालत नाही. वर्षभर डोळ्यांदेखत चालू दिलं आणि मग घाई केली, तर कोर्ट कारण विचारतं.

पोलिसांचा प्रश्नही निघाला. फोटोंच्या चोरीसाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ फौजदारी आहे आणि तो गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण इथे सेवा देणारी खरी बाई होती, दुकान होतं, म्हणून ती वाट धरली नाही. दुकानच नसतं, नुसतं खोटं खातं उघडून ॲडव्हान्स लाटले जात असते, तर वाट वेगळी होती : पैसे देणाऱ्याने त्याच तासात १९३० ला फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार द्यायची, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले तरच हाती लागतात.

नोटिशीनंतर बाराव्या दिवशी दोघी वकिलांच्या कचेरीत बसल्या. ठरलेल्या गोष्टी हमीपत्रावर उतरल्या आणि नोटरीसमोर सह्या झाल्या. सात दिवसांत पाटी, बिलबुक, व्हाउचर यांवरून नाव काढायचं. पंधरा दिवसांत इन्स्टाग्रामचं खातं, व्हॉट्सॲपचा डीपी, यूपीआयच्या क्यूआरवरचं नाव आणि गुगलची नोंद बदलायची. नव्या नावाखाली ‘पूर्वीचे झुळूक’ असं कुठेही लिहायचं नाही. हे वाक्य वकिलांनी आग्रहाने घातलं, कारण नाव बदलून जुना लौकिक तसाच ओढत राहण्याची ती नेहमीची युक्ती आहे. चुकून घेतलेले ॲडव्हान्स परत करायचे. झुळूकनेही एक गोष्ट दिली : ‘पाच वर्षं ब्राइडल मेकअपचा अनुभव’ असं तिने लिहावं, कुणी विचारलं तर कुठे काम केलं ते खरं सांगावं, त्याला हरकत नाही. पुढे भंग झाला तर काय, हेही लिहिलं गेलं : थेट दावा आणि त्याचा खर्च तिच्याकडून.

गिऱ्हाइकांसाठी झुळूकने एकच निवेदन काढलं : आमची शाखा फक्त कॉलेज रोडला आहे, ॲडव्हान्स याच क्रमांकावर आणि याच नावाने घेतला जातो. दुसऱ्या पार्लरचा उल्लेख नाही, आरोप नाही. ब्राइडल बुकिंगच्या फॉर्मवर आता दोन ओळी वाढल्या आहेत : फोटो वापरायला संमती आहे का, आणि फोटोग्राफरने काढलेले फोटो पार्लरला वापरू देता का, किती वर्षांसाठी. नकाराचीही चौकट आहे आणि बऱ्याच जणी तिथे खूण करतात.

नोटीस, हमीपत्र आणि दोन वर्गांचा अर्ज धरून झालेला खर्च मालकीणबाईंच्या हिशेबात दोन ब्राइडल बुकिंगच्या कमाईइतका आहे. नवरीच्या आईचे पाच हजार परत मिळाले. काही शहर-मार्गदर्शक ॲपवर पाथर्डी फाट्याची नोंद अजून जुन्याच नावाने दिसते, कारण ती दुकानाने नव्हे, ॲपने आपणहून भरली होती. तिथे वेगळी तक्रार चालू आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी काउंटरवरची मुलगी नाव दोन्ही स्पेलिंगने आणि देवनागरीत शोधते, पाच जुने फोटो उलट शोधात टाकते आणि जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहिते. ट्रेडमार्कचा अर्ज तपासणीत आहे. तो जर्नलमध्ये छापला गेला की चार महिने हरकतीची वाट बघायची, आणि नोंदणी हातात आली की मग पाटीवर तो गोलातला आर लावायचा, असं मालकीणबाईंनी ठरवलं आहे. पाटीवाल्याकडून त्या जागेचं मापही त्यांनी घेऊन ठेवलं आहे.